विषय: नियोजित शस्त्रक्रियेमुळे परीक्षा पुढील सत्रात देण्याबाबत

आजारपणामुळे पेपर देता येत नाही अशी पत्रं परीक्षा विभागात दोन वेळांना येतात. एक परीक्षा होऊन गेल्यावर, म्हणजे ताप आला, अपघात झाला, अचानक ऍडमिट व्हावं लागलं, आणि दुसरी परीक्षेच्या आधी, ज्यात ऑपरेशनची तारीख ठरलेली असते आणि ती नेमकी पेपरांच्या मध्ये आलेली असते. पहिल्या पत्रात विभागाला एकच गोष्ट बघायची असते, की त्या दिवशी हा विद्यार्थी खरंच आजारी होता का, आणि हॉस्पिटलचा कागद बघितला की बहुतेक वेळा काम होतं. दुसऱ्या पत्रात मात्र विद्यार्थी आजारी आहे की नाही हा प्रश्नच नसतो. तिथे वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं की तारीख तुम्हीच घेतलीय ना, मग परीक्षेनंतरची का नाही घेतली?

मी या विभागात बरीच वर्षं टेबलाच्या आतल्या बाजूला काढली आहेत, त्यामुळे हे सांगतोय. यंदा माझ्या भाचीलाच असं पत्र लिहायची वेळ आली आणि मग आतून जे बघितलं होतं ते बाहेरून एकेक करून तपासायला मिळालं. तिची केस जशी घडली तशी लिहितो, कारण त्यात जवळजवळ सगळी वळणं येऊन गेली.

स्थापत्य अभियांत्रिकीचं तिसरं वर्ष. उजवा खांदा निखळायचा, खेळताना पहिल्यांदा निखळला, मग बॅग उचलताना, मग एकदा झोपेत. खांद्याचा गोळा ज्या उथळ वाटीत बसतो त्या वाटीची कड फाटली होती. डॉक्टर म्हणाले दुर्बिणीतून ती कड परत शिवून बसवावी लागेल, तारीख दिली १२ नोव्हेंबर. आणि परीक्षा? ९, १२, १६, १९ आणि २३ नोव्हेंबर, पाच पेपर. प्रॅक्टिकल आणि अंतर्गत परीक्षा आधीच झालेल्या.

तिने पत्र लिहून मला दाखवलं. पत्र मनापासून लिहिलेलं होतं, मला खूप त्रास होत आहे, माझं वर्ष वाया जाऊ नये, घरची मंडळी काळजीत आहेत, कृपया सहानुभूतीपूर्वक विचार करावा. खाली सही. मी तिला म्हटलं, बाळा, यातलं एकही वाक्य टेबलावरच्या माणसाला वापरता येणार नाही.

ती जरा नाराज झाली. "मामा, मग काय लिहू? खरं तेच लिहिलंय ना."

खरंच होतं. पण पत्राचं पुढे काय होतं ते तिला माहीत नव्हतं, आणि बाहेरच्या कुणालाच सहसा माहीत नसतं. पत्र आवक खिडकीवर पडतं, त्यावर शिक्का आणि आवक क्रमांक पडतो, मग ते संबंधित अभ्यासक्रमाच्या टेबलावर जातं. त्या टेबलावरचा माणूस परवानगी देऊ शकत नाही, नाकारूही शकत नाही, त्याचं काम टिपणी लिहायचं. सदर विद्यार्थिनी अमुक वर्षाची, तिची विनंती अशी, तिने जोडलेले कागद असे, नियमात याबाबत अशी तरतूद आहे, निर्णयार्थ सादर. ती टिपणी कक्ष अधिकाऱ्याकडे, तिथून वर, शेवटी परीक्षा नियंत्रकांकडे. वरच्या माणसाच्या पुढ्यात परीक्षेच्या दिवसांत फायलींचा ढीग असतो, तो टिपणी वाचतो, मूळ पत्र फक्त शंका आली तरच उघडतो. म्हणजे तुमच्या पत्रातलं जे टिपणीत उतरलं तेवढंच निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचतं. सहानुभूतीपूर्वक विचार करावा हे वाक्य टिपणीत उतरत नाही, तिथे काय लिहिणार? पण "१२ नोव्हेंबर रोजी उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया असून त्यानंतर सहा आठवडे उजव्या हाताने लिहिता येणार नाही" हे वाक्य जसंच्या तसं उतरतं. म्हणून पत्र लिहिताना त्या टिपणी लिहिणाऱ्या माणसाचा विचार करायचा, त्याला तुमची वाक्यं उचलून ठेवता आली पाहिजेत. त्याला तुमच्याबद्दल आस्था असतेच, निदान मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातल्या बहुतेकांना होती, पण त्याच्या आस्थेला कागदावर आधार लागतो.

आता तो मुख्य प्रश्न, परीक्षेनंतर ऑपरेशन का नाही. हा पत्रात कुणी विचारलेला नसतो म्हणून विद्यार्थी त्याचं उत्तर देत नाहीत, आणि टिपणीवर वरून शेरा येतो, "शस्त्रक्रिया पुढे घेणे शक्य आहे का, खुलासा मागवावा." मग तुम्हाला पत्र जाणार, तुम्ही डॉक्टरांकडे जाणार, ते ओपीडीच्या दिवशीच भेटणार, आणि तेवढ्यात परीक्षा तोंडावर आलेली. नियोजित शस्त्रक्रिया म्हटलं की लोकांना वाटतं सोयीने करायची गोष्ट आहे. नियोजित याचा अर्थ एवढाच की आज रात्री जीव वाचवायला करायची नाहीये, तारीख ठरवून करता येते. किती दिवस थांबता येईल हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फक्त डॉक्टर देऊ शकतात. भाचीच्या बाबतीत खांदा प्रत्येक वेळी निखळताना वाटीच्या कडेचं हाड थोडं थोडं झिजत होतं, आणि जास्त झिजलं की नुसतं शिवून भागत नाही, हाडाचा तुकडा बसवायचं मोठं ऑपरेशन करावं लागतं. शिवाय आता तो झोपेतही निखळायला लागला होता. हे डॉक्टरांनी तिला तोंडी नीट समजावलं होतं, पण कागदावर एक अक्षर नव्हतं. मी तिला सांगितलं की डॉक्टरांना हात जोडून विनंती कर, एकच वाक्य हवंय, "वैद्यकीय कारणास्तव शस्त्रक्रिया पुढे ढकलणे योग्य नाही." त्यांनी दिलं. मागितल्यावर देतात, त्यांना माहीत नसतं की विद्यापीठाला हे लागतं.

जर खरंच थांबण्यासारखं असेल आणि डॉक्टर तसं म्हणत असतील तर मग ते वाक्य मिळणार नाही, आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी तारीख पुढची घ्यावी हेच माझं मत. पण कधीकधी कारण वैद्यकीय नसून हॉस्पिटलचं असतं, म्हणजे सर्जनची पुढची तारीख चार महिन्यांनीच आहे, तेही कारणच आहे, फक्त ते तसं स्पष्ट लिहून मिळालं पाहिजे.

मग सर्टिफिकेट. यावर मला जास्त सांगायचंय कारण सगळ्यात जास्त पत्रं इथे अडकतात. तिला पहिल्यांदा जे सर्टिफिकेट मिळालं त्यात लिहिलं होतं की पेशंट १ ऑक्टोबरपासून माझ्या उपचाराखाली आहे, शस्त्रक्रियेचा सल्ला दिला आहे, सहा आठवडे विश्रांतीची गरज आहे. बघायला एकदम ठीक. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक सगळं. पण टेबलावरच्या माणसाच्या नजरेने वाचा. सहा आठवडे कधीपासून? १ ऑक्टोबरपासून धरले तर १२ नोव्हेंबरला संपले, म्हणजे परीक्षेच्या बहुतेक पेपरांना ती मोकळी. आणि विश्रांती म्हणजे काय? विश्रांतीत माणूस खुर्चीवर बसून पेपर लिहू शकत नाही असं कुठे म्हटलंय? वर आणखी एक गोष्ट, तिला ९ तारखेचा पहिला पेपर द्यायचा होता, ऑपरेशनच्या आधीचा आहे, खांदा जागेवर असला की ती लिहू शकत होती. पण १ ऑक्टोबरपासून उपचाराखाली आणि विश्रांतीची गरज असं सर्टिफिकेट देऊन मग ९ नोव्हेंबरला पेपरला बसली तर तिच्याच कागदाने तिला खोटं पाडलं असतं. बऱ्याच ठिकाणी नियमच असा असतो की विद्यार्थी पेपरला बसला म्हणजे तो स्वतःला परीक्षेसाठी फिट समजतो, नंतर त्या पेपरबद्दल आजारपणाचं कारण ऐकलं जात नाही.

म्हणून सर्टिफिकेट परत लिहून घेतलं. त्यात काय हवं होतं ते मी तिला एका कागदावर काढून दिलं आणि तिने तो कागद डॉक्टरांच्या असिस्टंटला दाखवला. ११ नोव्हेंबरला भरती, १२ ला शस्त्रक्रिया. १२ नोव्हेंबर ते २४ डिसेंबर हात स्लिंगमध्ये. या काळात उजव्या हाताने सलग तीन तास लिहिणं शक्य नाही. त्याआधी लिहायला हरकत नाही. बस्स, पुढे ढकलणे योग्य नाही हे वाक्य आणि या चार ओळी. आजाराचं नाव, एमआरआयचा रिपोर्ट, हे काही जोडायची गरज नाही. ती सगळी फाईलच झेरॉक्स करून जोडणार होती, तिची आई म्हणजे माझी ताई पण म्हणत होती की जोडू दे रे, जेवढे कागद जास्त तेवढं बरं. मला हे पटत नाही. विभागाला निर्णयासाठी काय होतंय यापेक्षा काय करता येणार नाही आणि कधीपर्यंत, हे हवं असतं. एमआरआय वाचता येणारा माणूस तिथे कुणी नाही, आणि तुमच्या शरीराचे कागद चार टेबलांवर फिरावेत असं काही कारण नाही. खांद्याचं ठीक आहे, पण उद्या कुणाचं गर्भाशयाचं ऑपरेशन असेल, मूळव्याधीचं असेल, तर नुसतं "शस्त्रक्रिया" एवढा शब्द आणि करता न येणाऱ्या गोष्टी, एवढ्यावर पत्र उभं राहतं. विद्यापीठाला शंका आली तर ते त्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात, तिथे फाईल न्यावी.

स्लिंगची एक अडचण अशी की त्यात बोटं, मनगट, कोपर हलवता येतं, डॉक्टर तर उलट हलवत राहा म्हणतात. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं हात तर चालतोय, मग लिहायला काय झालं. पण लिहिताना आपला हात कागदावर ओळभर सरकतो, खालच्या ओळींना जाताना खांद्यातूनच हलतो, आणि पहिल्या आठवड्यात तर वेदनाशामक गोळ्यांनी डोकं जड असतं. "सलग तीन तास" हे शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्यायचे ते यासाठी.

आणि हात म्हटलं की पुढची सूचना ठरलेली, लेखनिक घ्या. विभाग हे वाईट हेतूने सुचवत नाही, त्यांच्या दृष्टीने तो सोपा मार्ग आहे, परीक्षा वेळेत होते, निकाल वेळेत लागतो. नुसत्या लेखी उत्तरांचा पेपर असता तर मीही तिला कदाचित म्हटलं असतं की तिसऱ्या चौथ्या पेपरला बघ जमतं का. पण तिच्या पेपरात तुळईवरच्या भाराच्या आकृत्या काढायच्या असतात, कातरबल कुठे किती, वाकणारा आघूर्ण कुठे शून्य होतो, रेघ सरळ की वक्र. लेखनिक बहुतेक नियमांत त्या विषयाचा नसावा लागतो. त्या विषयाचं काहीच न शिकलेल्या माणसाला तोंडाने सांगायचं की डावीकडून दोन मीटरवर रेघ खाली आण, आता तिथून वक्र वर ने, अजून थोडी, नाही इतकी नाही. तीन तासांत अर्धा पेपर झाला असता. हे एका वाक्यात पत्रात घातलं. न विचारता आधीच घातलं, कारण तीही शंका टिपणीवर येणार हे मला माहीत होतं.

मग मागायचं काय. इथे विद्यार्थी लिहितात "मला परीक्षेतून सूट मिळावी." सूट म्हणजे काय? पेपरच द्यायचा नाही? वरती वाचणारा असं मागणं नाकारतो कारण ते देणं त्याच्या हातातच नाही. मागणं हे असतं की हे चार पेपर पुढच्या सत्रात देऊ द्या, आणि या सत्रात मला गैरहजर धरू नका. दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. काहीच न करता घरी बसलं तरी पुढच्या सत्रात पेपर देता येतोच की, मग पत्राचा उपयोग काय असं भाचीने विचारलं आणि प्रश्न अगदी बरोबर होता. फरक निकालाच्या कागदावर आणि त्यामागच्या हिशेबात असतो. गैरहजर लागलं तर बऱ्याच विद्यापीठांत तो प्रयत्न मोजला जातो, पुढच्या वेळचे गुण दुसऱ्या प्रयत्नाचे धरले जातात, कुठे वर्गवारीवर किंवा क्रमांकावर परिणाम होतो, कुठे पुढच्या वर्षाला जाण्यासाठी राहिलेल्या विषयांच्या मर्यादेत ते विषय मोजले जातात. तिच्यासाठी हे शेवटचंच सगळ्यात जड होतं, चार विषय राहिले असं धरलं असतं तर पुढच्या सत्राचा प्रवेश अडकला असता. परवानगी घेऊन पुढे नेलेला पेपर हा न दिलेला प्रयत्न असतो. पण हे आपोआप तसं धरलं जाईल असं समजू नये, मागून घ्यावं, आणि आदेशात तसं शब्दांत आलंय का ते बघावं. आपापल्या विद्यापीठाचा परीक्षेचा अध्यादेश उघडून त्यात वैद्यकीय कारणाचं कलम शोधायचं आणि त्याचा क्रमांक पत्रात संदर्भ म्हणून लिहायचा. टिपणी लिहिणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

तिचं अंतिम पत्र असं झालं. वर दिनांक ८ ऑक्टोबर, प्रति परीक्षा नियंत्रक, विभागप्रमुखांमार्फत, नाव, वर्ष, कायम नोंदणी क्रमांक, आणि मग,

"महोदय, मी वरील अभ्यासक्रमाच्या तृतीय वर्षाची विद्यार्थिनी असून नोव्हेंबरच्या परीक्षेचा अर्ज व शुल्क मुदतीत भरले आहे. माझ्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया १२ नोव्हेंबर रोजी ठरली आहे. वैद्यकीय कारणास्तव ती परीक्षेनंतर घेणे योग्य नसल्याचे डॉक्टरांनी प्रमाणपत्रात नमूद केले आहे. १२ नोव्हेंबर ते २४ डिसेंबर या काळात मला उजव्या हाताने सलग लिहिता येणार नाही. पेपरांत आकृत्या व आलेखांचे प्रमाण मोठे असल्याने लेखनिकाच्या मदतीने ते देणे शक्य वाटत नाही.

९ नोव्हेंबरचा पेपर मी देणार आहे. १२, १६, १९ व २३ नोव्हेंबरचे चार पेपर मला पुढील सत्रात देण्याची परवानगी मिळावी, या सत्रात सदर विषयांत मला गैरहजर न धरता परीक्षा स्थगित अशी नोंद व्हावी व हा प्रयत्न मोजला जाऊ नये, तसेच अंतर्गत गुण व भरलेले शुल्क पुढील सत्रासाठी कायम राहावे, ही विनंती. निर्णय लेखी कळवावा. शस्त्रक्रियेच्या तारखेत बदल झाल्यास त्याच दिवशी कळवीन."

सोबत प्रमाणपत्राची मूळ प्रत, वेळापत्रकाची प्रत ज्यावर ते चार पेपर खूण करून दाखवलेले, हॉल तिकीट अजून आलं नव्हतं म्हणून परीक्षा अर्जाची पावती. विभागप्रमुखांनी शिफारस करून सही केली. पत्राच्या दोन प्रती नेल्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेऊन ती घरी आणली. ईमेल पण केला, पण मला विचाराल तर माझा भरवसा शिक्क्याच्या प्रतीवर, ईमेल कुणाच्या टेबलावर गेला हे नंतर सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

मध्ये तीन आठवडे काहीच नाही. ती रोज विचारायची की आता अभ्यास पाचही विषयांचा करू की एकाचाच. मी म्हणायचो, आदेश हातात येईपर्यंत पाचही. परवानगी मागितली म्हणजे मिळाली असं होत नाही, आणि अर्ज पडून आहे म्हणून पेपरला न गेलेली मुलं मी बघितली आहेत, नंतर अर्ज नामंजूर झाला आणि गैरहजर लागलं. विभागात आवक क्रमांक सांगून दोनदा चौकशी केली, भांडायला न जाता नुसतं फाईल कुठल्या टेबलावर आहे एवढं विचारायला. २ नोव्हेंबरला आदेश आला, चारही पेपर पुढच्या सत्रात, नोंद स्थगित, प्रयत्न धरू नये.

आणि १० नोव्हेंबरला हॉस्पिटलमधून फोन आला की सर्जनना तातडीने बाहेर जावं लागतंय, ऑपरेशन १८ ला.

घरात दोन मतं पडली. ताईचं म्हणणं आदेश आहे ना हातात, चार पेपरांचा आहे, राहू दे, पोरीने अभ्यास त्या दृष्टीने केलाय. भाचीनेही हळूच विचारलं, "मामा, नाही कळवलं तर?" मला तिचा त्रास समजत होता, पहिला पेपर देऊन ती जरा मोकळी झाली होती आणि परवा परत पेपर. पण आदेश ज्या कारणावर उभा होता ते कारणच सरकलं होतं. १२ आणि १६ ला ती लिहू शकत होती. आणि नुसतं नीतीचं म्हणून नाही सांगत, ऑपरेशननंतर डिस्चार्ज कार्ड विभागात जमा करावंच लागतं, त्यावर भरतीची आणि शस्त्रक्रियेची तारीख छापलेली असते. आदेशात १२, कार्डावर १८. त्या क्षणी फाईल परत उघडते, आणि मग १२ व १६ चे दोनच पेपर जात नाहीत, पूर्ण परवानगीवरच प्रश्न येतो, कारण दिलेली माहिती बदलली आणि कळवली नाही.

त्याच दिवशी दुसरं पत्र गेलं, छोटं. संदर्भ म्हणून आदेशाचा क्रमांक आणि आधीचा आवक क्रमांक, हॉस्पिटलकडून नवीन तारखेचं पत्र, स्लिंगचा काळ आता १८ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर, १२ आणि १६ चे पेपर देणार, १९ आणि २३ चे दोनच स्थगित ठेवावेत. आणखी एक काम होतं, आदेशामुळे परीक्षा केंद्राच्या यादीत तिच्यापुढे चार पेपरांना खूण झालेली असणार, म्हणजे १२ ला ती गेली तर उत्तरपत्रिका द्यायची की नाही यावरून दारात गोंधळ. ११ ला मी तिला घेऊन विभागात गेलो, त्यांनी केंद्राला तसं कळवलं आणि तिच्या हातातही एक पत्र दिलं. १२ ला केंद्रप्रमुखांनी ते पत्र बघितलं, फोन करून खात्री केली आणि दहा मिनिटांत बसवलं. दोन्ही पेपर तिने दिले. संरचना विश्लेषणाचा पेपर मनासारखा गेला नाही म्हणाली, पण पाचही विषय वाचत राहिलेली असल्याने पास होण्याची तिला चिंता नव्हती.

ऑपरेशन १८ ला व्यवस्थित झालं. डिस्चार्ज कार्डची प्रत, ज्यात निदानाचा मजकूर झाकून तारखा आणि शस्त्रक्रिया झाल्याची नोंद तेवढी दिसेल अशी, आठवड्याभरात जमा केली. विभागाने ती चालवून घेतली. निकाल आला तेव्हा तीन विषयांचे गुण आणि दोन विषयांपुढे स्थगितची नोंद, बरोबर. हे लगेच बघायचं असतं, कारण आदेश एका टेबलावर निघतो आणि निकालाची नोंद दुसरीकडे संगणकात होते, आणि तो आदेश तिकडे पोचला नाही तर छापील निकालावर गैरहजर येतं. तसं आलं तर आदेशाची प्रत लावून दुरुस्तीचा अर्ज करायचा, निकालानंतर जी मुदत असते तिच्या आत.

आता एक शेवटची गोष्ट, जिथे परवानगी मिळालेली मुलंही चुकतात. आदेशात "पुढील सत्रात परीक्षा देता येईल" असं असतं, त्यावरून वाटतं की नाव यादीत आपोआप जाईल. जात नाही. पुढच्या सत्राचा परीक्षा अर्ज सुटला की तो परत भरावा लागतो, त्यात ते दोन विषय निवडावे लागतात, आणि ऑनलाइन अर्ज त्यांना राहिलेले विषय समजून परत शुल्क मागतो. भाचीच्या स्क्रीनवरही ते आलं. तिने पैसे न भरता आधी आदेशाची प्रत घेऊन विभागात विचारलं, त्यांनी शुल्क वळतं करून अर्ज आतून मंजूर केला, आणि हॉल तिकिटावर चालू सत्राचे पाच आणि मागचे दोन असे सात विषय आले आहेत का हे तिने तिथे उभं राहूनच तपासलं.